पुनर्विवाहाचा रकाना

माझ्या बायकोच्या पहिल्या नवऱ्याच्या धाकट्या भावाने आम्हा दोघांना अकरा वर्षं फसवलं. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणाला शंका राहायला नको. त्याने खोटा कागद केला नाही, पैसा खाल्ला नाही, जमीन लाटली नाही. एक नियम त्याला पुरता माहीत होता, त्यातला अर्धाच त्याने आम्हाला सांगितला. त्या अर्ध्यावर मी संसार केला.

मी गवताचा धंदा करतो. मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी वखार आहे. दुसऱ्याच्या माळावर विळा चालवण्यापासून सुरुवात केली. आज गठ्ठे बांधायचे दोन प्रेस आहेत, दोन टेम्पो आहेत आणि भिवंडीपर्यंतचे तबेलेवाले माझ्या नावाने वैतागतात. पेंढी उकलून, काडी पिळून, नाकाशी नेऊन पाहिल्याशिवाय मी भाव बोलत नाही. समोरच्याने पहिला आकडा सांगितला की मी उठून चालू लागतो. माझा राग सगळ्या बाजाराला ठाऊक आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही. त्या रागावर मी पोट भरलं.

हिची माझी ओळखही भावातूनच झाली. खर्डीच्या बाजूला यांच्या माळावरचं उभं गवत मी विकत घ्यायला गेलो होतो. घरात एक म्हातारी, जवळजवळ आंधळी. एक दीर, शाळेत कारकून. आणि ही. हिचा नवरा रेल्वेत गँगमन होता, नोकरीत असतानाच तापाने गेलेला. मूलबाळ नव्हतं. मी माळ पाहिला, तोंड वाकडं केलं आणि म्हणालो, "निम्मं कुसळी आहे. जनावर तोंड लावायचं नाय."

ही दारातूनच म्हणाली, "मंग कशाला आलाव? कुसळीच हाय तर माघारी जा. रस्ता ठावा हाय ना?"

मी चालू लागलो. तिने हाक मारली नाही. मला परत यावं लागलं. आयुष्यात तेवढ्या एकदाच.

पुढच्या हंगामात मी तिला मागणी घातली. थेट तिलाच. ती म्हणाली, "भावजींना इचारा. पेन्शनीचं त्येंनाच कळतं."

दीर अंगणात खुर्ची टाकून बसला होता. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. आवाज कधी चढायचा नाही. शाळेच्या हजेरीपटावर लिहावं तसं एकेक अक्षर सुटं बोलायचा. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "वहिनींना दादाची पेन्शन आहे. नवरा गेला म्हणून बायकोला मिळते ती. पुन्हा लग्न केलं की बंद. उद्या कुठे नोकरीला लागल्या तरी बंद. सरकारचा नियम आहे, माझा नाय."

"मी हिला उपाशी ठेवणाराय का?" मी म्हणालो.

"तुमी आज आहात. गवताला काडी लागली तर उद्या नसाल."

एवढं सरळ माझ्या तोंडावर कुणी बोललं नव्हतं. पण ते खरं होतं. वखार एकदा जळाली की माणूस पुन्हा विळ्यावर येतो. हिचा चेहरा पाहिला. ती पेन्शन तिच्या हातातला एकमेव असा पैसा होता जो कुणाकडे मागावा लागत नव्हता. तो मी सोडायला लावणार नव्हतो.

दीर म्हणाला, "गुपचूप पाट लावा. कुठे नोंद करू नका. दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला भरताना लग्न केलं का विचारतात, तिथं वहिनी नाय म्हणतील. मी तोंड उघडणार नाय."

"किती?" मी विचारलं. माझ्या लेखी तोंड बंद ठेवण्याला भाव असतो.

तो हसला नाही, रागावलाही नाही. "पैसा नको. दर अमावास्येला वहिनी इथं येतील. दुपारी दादाच्या नावाचं पान वाढतील. आई आहे तोवर."

मी मनात म्हटलं, स्वस्तात सुटलो. पेंढी न उकलता घेतलेला तो पहिला माल.

पाट आमच्या वाडीत लागला, माझ्या आत्याच्या परड्यात. मी तोवर बिनलग्नाचा होतो. आमच्याकडे बिनलग्नाच्या माणसाने विधवेशी पाट लावायचा तर आधी त्याचं लग्न रुईच्या झाडाशी लावतात. बांधावरच्या रुईला हळद लावली, दोरा गुंडाळला, माझ्या हाताने तिच्यावर तांदूळ टाकवले. मग ते झाड उपटून टाकलं, म्हणजे मी विधुर झालो, आणि मग आमचा पाट. सवाष्ण बायका समोर येत नाहीत या विधीला. चार पुरुष आणि आत्या. दीरही आला होता. जाताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "तुमची पहिली बायको ते झाड. वहिनींचा पहिला नवरा माझा दादा. तुमी दोघंबी एकमेकांचे दुसरेच." त्याने ते चेष्टेने म्हटलं असेल. उपटलेल्या रुईचा चीक माझ्या बोटांना लागला होता, तो दोन दिवस जाता जाईना.

मग संसार सुरू झाला आणि मला हळूहळू कळू लागलं की मी त्या घरात राहत नाही.

घर माझं, छप्पर माझं. पण हिच्या आधारवर नाव त्या गेलेल्या नवऱ्याचं. बँकेच्या पुस्तकावर त्याचं. शहापूरच्या बँकेत काउंटरवरून हाक मारायचे ती त्याच्या नावासकट, आणि ही उठायची. मी भिंतीला टेकून उभा. कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर मी म्हणायचो, "गाडी घेऊन आलोय." एकदा पोस्टमन वखारीत आला. हातात लिफाफा. त्याने त्या मेलेल्या माणसाचं पूर्ण नाव घेतलं आणि विचारलं, "इथंच राहतात का हो?"

मी म्हणालो, "हो. इथंच राहतात."

तो गेल्यावर मी बराच वेळ गंजीच्या सावलीत उभा होतो. तोंडातून निघालेलं ते वाक्य परत घेता येत नव्हतं आणि ते खोटं आहे अशी माझी खात्रीही राहिली नव्हती.

अमावास्येला ही सकाळीच निघायची. शेअर जीपने शहापूर, तिथून पुढे खर्डी. संध्याकाळी परत. मी कधी गेलो नाही, तिने कधी बोलावलं नाही. परत आली की पाय धुवायची, कामाला लागायची. पण दुसऱ्या दिवशी सकाळी काहीतरी मागे राहिलेलं असायचं. एकदा भाकरी थापता थापता तिने मान वर न करता विचारलं, "आज ड्युटी कंची?"

मी म्हणालो, "काय?"

"ड्युटी. पहिली का दुसरी? डबा तसा भरते."

 तिने भाकरी तव्यावर टाकली, उलटली, आणि माझ्याकडे पाहून नेहमीसारखं म्हणाली, "तबेलेवाल्याचा फोन आलावता." तिला आपण काय विचारलं ते माहीतच नव्हतं. मी आजवर तिला सांगितलेलं नाही. तेव्हापासून अमावास्येनंतरच्या सकाळी मी चहा न घेता वखारीत जातो.

नोकरीची गोष्ट मध्येच आली. आमच्या जवळच्या आश्रमशाळेत स्वयंपाकघरात रोजंदारीवर बाई हवी होती. हिला जायचं होतं. पोरांना वाढायला तिला आवडतं. दिराला फोन केला. तो म्हणाला, "वहिनी, नोकरी धरली की पेन्शन गेली. आधीच सांगितलंय."  मग ती जागा दुसऱ्या कुणाला गेली.

या वर्षी दिवाळीनंतर पुन्हा तीच जागा निघाली. मुख्याध्यापक वखारीत गवत घ्यायला आले होते. म्हणाले, "बाईंना विचारा. आणि पेन्शन बंद होते म्हणून कोण सांगतं तुम्हाला? आमच्याकडे एक विधवा शिक्षिका आहे, पगार घेते, नवऱ्याची फॅमिली पेन्शनही घेते."

मी तिथल्या तिथे टेम्पो काढला आणि शहापूरला बँकेत गेलो. पहिल्यांदा भिंतीला न टेकता आत गेलो. पेन्शनचं काम पाहणारी एक मॅडम होती, चष्म्यावरून बघणारी. मी विचारलं, "रेल्वेतल्या माणसाची विधवा. नोकरी केली तर पेन्शन बंद होते का?"

"नाही," ती म्हणाली. "विधवा आहेत ना? मग त्या स्वतः कमावतात की नाही याचा संबंध नाही. पगार घ्या, पेन्शन घ्या."

मी टेबलावर वाकलो. "आणि समजा, लग्न केलं तर?"

तिने चष्मा काढला. "मुलं आहेत?"

"नाय."

"विधवेला मूल नसेल आणि तिने पुन्हा लग्न केलं, तर पेन्शन लगेच बंद होत नाही. चालू राहते. फक्त मग तिचं स्वतःचं उत्पन्न बघतात. किमान फॅमिली पेन्शन असते, तिच्यावर महागाई भत्ता धरायचा. बाकीच्या सगळ्या मार्गांनी तिला तेवढं किंवा जास्त मिळायला लागलं की बंद. म्हणजे साध्या विधवेला नोकरी आड येत नाही, लग्न केलेल्या निपुत्रिक विधवेला येऊ शकते. कळलं का?"

"आणि नवऱ्याची कमाई? दुसऱ्या नवऱ्याची?"

"ती नाही बघत. तिची स्वतःची."

"हा नियम कधीपासून?"

"बरीच वर्षं झाली. नवा नाही. मुलं असती तर वेगळं होतं. बाईचं लग्न झालं की तिची बंद, मग मुलांना मिळते." तिने माझ्याकडे पुन्हा पाहिलं. "तुम्ही कोण त्यांचे?"

मी तोंड उघडलं. गाडी घेऊन आलोय, हेच आधी जिभेवर आलं. ते गिळून मी म्हणालो, "नवरा." आवाज एवढा मोठा निघाला की रांगेतली माणसं वळली.

मॅडम शांतपणे म्हणाली, "ओरडू नका. मग इतकी वर्षं हयातीच्या दाखल्यात काय लिहिलंत?"

मी खरं सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. "लपवलंत, हे चुकलंच. खुलासा द्यावा लागेल. काय करायचं ते पेन्शन मंजूर करणारं कार्यालय ठरवेल, मी नाही. पण हक्क असूनही लपवलंत, एवढं कागदावरून दिसेल. आधी ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद करा. त्याची प्रत, बाईंच्या उत्पन्नाचं घोषणापत्र, पीपीओची प्रत आणि अर्ज आणा. आणि या वर्षीचा हयातीचा दाखला अजून भरला नसेल, तर त्यात खरं लिहा."

पीपीओ म्हणजे पेन्शनचं मूळ हुकूमपत्र. ते खर्डीच्या घरात, दिराजवळच्या ट्रंकेत होतं.

दुसऱ्या दिवशी अमावास्या होती. मी हिला म्हणालो, "आज मी सोबत येतो." तिने नको म्हटलं नाही. टेम्पोत बसल्यावर मी तिला बँकेतलं सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, रडेल, शिव्या देईल, माझ्यासारखी डॅशबोर्डवर मूठ आपटेल. ती रस्त्याकडे बघत राहिली. खर्डीच्या अलीकडे म्हणाली, "म्हंजे लपवायचं काय कामच नवतं."

"नव्हतं."

"मंग भावजी तसं का म्हणाले?"

"तेच विचारायला चाललोय."

ती म्हणाली, "पान वाढून झाल्यावर इचारा."

भर दुपारचं ऊन होतं, पण त्या घरात शिरताना मला डोळे बारीक करून बघावं लागलं. खिडक्या लावलेल्या. ओटीवर म्हातारीची खाट होती, पण खाटेवर अंथरूण नव्हतं, नुसती दोरी. मी विचारलं, "म्हातारी कुठाय?"

ही चुलीकडे जात म्हणाली, "आईला जाऊन दोन वर्सं झाली."

"मग तू कशाला येतेस?"

ती चुलीपाशी बसली.  तिच्या हातांना त्या घरात सगळं ठाऊक होतं. न बघता मिठाचा डबा काढला, न बघता भात उपसला. आमच्या घरी अकरा वर्षं झाली तरी ती मीठ शोधते.

तिने मधल्या खोलीत पळसाची पत्रावळ मांडली. भात, वरण, वालाचं बिरडं, कोपऱ्यात सुकटीची चटणी. पाण्याचा तांब्या. मग ती पदर सावरून बाजूला बसली, आणि आतल्या खोलीतून दीर बाहेर आला.

त्याच्या अंगात जुना खाकी शर्ट होता. बाह्या वर दुमडलेल्या, खांद्याला ढिला. त्याचा नव्हता तो. तो मला पाहून दचकला नाही. पत्रावळीवर बसला. तांब्यातलं पाणी हातावर घेतलं, पानाभोवती फिरवलं. आणि जेवू लागला.

माझ्या बायकोने विचारलं, "बिरडं बरं झालंय का?"

तो म्हणाला, "खारं हाय जरा." हा आवाज त्याचा नव्हता. तो सुटी अक्षरं बोलणारा माणूस, आणि हा गावठी, जाडा, दिवसभर रुळावर काम करून आलेला आवाज. त्या आवाजाने तो पुढे म्हणाला, "आईला वाढलंस?"

"वाढलं," ही म्हणाली. खाटेवर नुसती दोरी होती.

मी उठून उभा राहिलो.  बाजारात मी शंभर माणसांवर चढतो. तिथे तिघं होतो आणि मला मोजता येत नव्हतं की जिवंत किती आहेत.

जेवण उरकलं. त्याने हात धुतले, आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या अंगात स्वतःचा पांढरा सदरा होता. स्वतःच्या आवाजात म्हणाला, "बसा ना. चहा टाकायला सांगू?"

"पीपीओ कुठाय?"

"ट्रंकेत. घ्या की."

मी ट्रंक उघडली. वर शर्टांच्या घड्या, खाली प्लास्टिकच्या पिशवीत कागद. पीपीओच्या आत एक पत्र घडी घालून ठेवलेलं होतं. कार्यालयाचं उत्तर, त्याच्या नावाने. भाऊ वारला त्या वर्षीचं. त्याने लेखी विचारलं होतं आणि त्यांनी लेखी कळवलं होतं. मला सरकारी कागद अडखळतच वाचता येतो, पण निपुत्रिक विधवा, पुनर्विवाह, चालू राहील, एवढे शब्द मला दिसले. नोकरीबद्दलही होतं. सगळं होतं. मॅडम जे बोलली तेच, ओळीने.

मी ते पत्र त्याच्यासमोर धरलं. "हे तुला पाट लावायच्या आधी माहीत होतं."

"होतं."

"मग?"

तो हात पुसत होता. "आईला दिसत नवतं. दादा गेला ते तिला दोनदा सांगितलं, दोनदा विसरली. तिसऱ्यांदा सांगायची माझ्यात हिंमत नवती. मी त्याचा शर्ट घातला, ती गप्प झाली. वहिनी वाढायच्या, तेव्हा तिला पटायचं." तो थांबला. "वहिनींनी तुमचं नाव लावलं असतं, तर इथं कशाला आल्या असत्या?"

"आई मेली दोन वर्षांपूर्वी."

"हो."

"मग अजून शर्ट का घालतोस?"

 त्याने हिच्याकडे पाहिलं आणि ही जमिनीकडे बघत होती.

मी म्हणालो, "पैसा मागितला असतास तर दिला असता. मी तुला विचारलं होतं, किती."

"पैशाचं कुठं काय होतं," तो म्हणाला.

पैशासाठी फसवणारा माणूस मला कळतो. मीही कुसळी मिसळून गठ्ठे बांधलेत, खोटं कशाला सांगू. त्याच्याशी भांडता येतं, त्याला दाबता येतं, शेवटी दोघं मध्ये कुठेतरी येतात. याला दाबायला जागाच नव्हती. मी त्याची कॉलर धरली. सदऱ्याची. तरी माझ्या हाताला तो दुसरा, ढिला शर्टच लागला असं मला वाटलं आणि मी हात काढून घेतला. पत्र आणि पीपीओ घेऊन आम्ही निघालो. दारात तो हिला म्हणाला, "वहिनी, पुढच्या अमावास्येला दोडका आणा. दादाला आवडतो." ही "हो" म्हणाली.

दाखल्याची मुदत संपत आली होती. आम्ही मुरबाडला ऑनलाइन सेवा केंद्रात गेलो. केंद्र चालवणारा माणूस ओळखीचा, चेष्टेखोर. म्हणाला, "या गवतशेठ. आज पैसे घासाघीस न करता द्यायचे." मी म्हटलं, "आधी काम कर." त्याने हिचा आधार नंबर टाकला, पीपीओचा नंबर टाकला, बँकेचं खातं टाकलं. मग नेहमीचे प्रश्न.

"पुनर्विवाह? मावशी, नाहीच ना, नेहमीसारखं?"

मी म्हणालो, "हो लिही. हो."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे. हिने मान हलवली. त्याने 'हो'वर क्लिक केलं. मी अकरा वर्षं त्या क्लिकसाठी थांबलो होतो, हे मला तिथे कळलं.

"अंगठा ठेवा."

तिने ठेवला. मशीनवरचा दिवा लाल झाला.

"पुसून ठेवा." तिने पदराने पुसला. लाल. "दुसऱ्या हाताचा." लाल. "तर्जनी." लाल. "गवत कापून बोटं झिजलीत मावशी. होतं असं. पाच मिनिटं बसा, हात जरा गरम होऊ दे." आम्ही बसलो. त्याने दुसऱ्या दोघांचे दाखले केले. दोघांचे पहिल्याच वेळी झाले. पुन्हा हिला बोलावलं. लाल. त्याने चेहऱ्यावरून ओळख पटवायचं अॅपही उघडून पाहिलं, ते त्याच्या फोनवर चालेना.

"गेल्या वर्षी तर पहिल्या झटक्यात झालं होतं," तो डोकं खाजवत म्हणाला.

ही उठली. अगदी शांतपणे म्हणाली, "नाय टाका."

मी म्हणालो, "काय करतेस?"

"त्येंना टाकू दे. नाय टाका, भाऊ."

त्याने परत सगळं भरलं. पुनर्विवाह, नाही. तिने तोच उजवा अंगठा ठेवला, न पुसता. दिवा हिरवा झाला. प्रिंटर सुरू झाला.

"झालं बघा," तो म्हणाला. "मशीनचं काय सांगता येत नाय."

मी कागद घेतला. त्यावर मेलेल्या माणसाचं नाव होतं, तिचं होतं, आणि पुनर्विवाहाच्या रकान्यात 'नाही' होतं. मी कुठेच नव्हतो. मी नेहमीसारखा ओरडेन म्हणून तो केंद्रवाला खुर्ची मागे सरकवून बसला होता. मी ओरडलो नाही.

टेम्पोत मी तिला विचारलं, "तुला नको आहे का? नोंद करायची? माझं नाव लावायचं?"

तिने माझ्या हातातला दाखला घेऊन त्याची घडी केली. मग म्हणाली, "अकरा वर्सं जी बाई नाय म्हणत आली, तिलाच ते वळखतं. हो म्हणणारी कोण, ते त्याला ठावंच नाय. मलाबी नाय." मग तिने नेहमीच्या आवाजात विचारलं, "वाटंत दोडका मिळंल का?"

शाळेतल्या कामाला ती जाते. विधवा म्हणून. तेवढं तरी तिला मिळालं, कारण विधवेला नोकरी आड येत नाही. ग्रामपंचायतीचा नोंदणीचा अर्ज माझ्या वखारीत पडून आहे, माझ्या सहीने. तिची सही नाही. मी तिला जबरदस्ती करणार नाही. तिने नाही म्हटलेलं नाही. ती म्हणते, "करू की," आणि अमावास्या येते.

मला त्या माणसाकडून पैसा नको, माफी नको. मला उत्तर हवं. त्याने शहापूरच्या बँकेत त्या मॅडमच्या टेबलासमोर माझ्याबरोबर उभं राहावं, ते पत्र स्वतःच्या हातात धरावं आणि सांगावं की हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्याने लेखी द्यावं की माझ्या बायकोने अकरा वर्षं खोटं लिहिलं ते त्याच्या सांगण्यावरून. आणि आई नसताना, खाट रिकामी असताना, त्या शर्टात बसून माझ्या बायकोकडून भात वाढून घेतो तो कोण, हे त्याने सांगावं. त्याचं स्वतःचं नाव घेऊन सांगावं, किंवा दादाचं घेऊन. पण सांगावं.